थकलेला मेंटेनन्स: ३१ मार्चअखेरची स्थिती, व्याज कसं लागलंय आणि पैसे नेमके कसे भरायचे

खजिनदार, ए-३०१

सर्व सभासदांना नमस्कार. ३१ मार्चचा हिशोब बंद केलाय, त्यात ११ फ्लॅटची मिळून ३,८६,२५० रुपये थकबाकी निघतेय. आपल्या ६४ फ्लॅटचं महिन्याचं बिल मिळून २,०४,८०० होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाहेर अडकलाय. एप्रिल-मे आला की धायरीत टँकर वाढतात हे कुणाला वेगळं सांगायला नको, आणि टँकरवाला उधारीवर थांबत नाही. मागच्या महिन्यात लिफ्टच्या एएमसीचा चेक मी आठ दिवस पुढे ढकलला, सिक्युरिटीचं बिल आधी दिलं. हे दर महिन्याला करणं मला पटत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. थकबाकीदारांची नावं इथे टाकणार नाही. ज्यांच्याकडे बाकी आहे त्यांना वेगळं पत्र आणि लेजरचा उतारा दिलाय.

आता भरायचं कसं. बिल तिमाही ९,६०० चं आहे, तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत भरायचं. यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस, चेक सगळं चालेल, कॅश घेत नाही. यूपीआयने भरताना क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर सोसायटीचं पूर्ण नाव दिसलं पाहिजे, कुणा माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. अकाउंट नंबर आपल्या छापील बिलावर आहे तोच, "नंबर बदललाय" असा फोन किंवा मेसेज आला तर तो आमच्याकडून नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर आणि तिमाही लिहा. असं:

```
B402 APR-JUN
```

आणि त्यानंतर यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा त्या व्यवहाराचा नंबर, सोसायटीच्या मेलवर टाका, कारण बऱ्याचदा तुम्ही लिहिलेला रिमार्क आमच्या बँक स्टेटमेंटमध्ये अर्धाच येतो किंवा येतच नाही. स्टेटमेंटमध्ये दिसतं ते खातेदाराचं नाव, आणि ते नाव शेअर सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळत नसेल तर मला कळायला मार्ग नाही की पैसे कुणाचे. आत्ता या घडीला २८,८०० रुपये असे बँकेत पडून आहेत, तीन एंट्री, प्रत्येकी ९,६०० च्या. म्हणजे कुणीतरी भरलेत आणि त्यांच्याच नावावर थकबाकी पण दिसतेय. स्क्रीनशॉट पाठवू नका, नंबर टाइप करून पाठवा, स्क्रीनशॉटवरचे बारीक आकडे वाचताना चूक होते.

---

सी-६०१

ताई चांगलं लिहिलंय पण एवढं गोडीत सांगून कोण ऐकणारे. आम्ही वेळेवर भरतो आणि ज्यांनी वर्षभर दिलं नाही त्यांच्या टाकीत पण तेच टँकरचं पाणी पडतंय. माझं स्पष्ट मत, तीन महिने झाले की पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचं सर्टिफिकेट काढा, फ्लॅट लिलावात निघाला की बरोबर पैसे येतात.

---

ए-१०२

६०१, पाणी तोडायचं मनातून काढून टाका. सोसायटीला तो अधिकार नाही, आणि तोडलंत तर उद्या बाकीदार फिर्यादी होईल आणि कमिटी आरोपी. मी बँकेतून रिटायर होऊन आधीच्या सोसायटीत सहा वर्षं सेक्रेटरी होतो, हे जवळून पाहिलंय.

१०१ बद्दल तुमची दिशा बरोबर आहे पण कलम आता ते नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, वसुलीचा अर्ज आता १५४ बी-२९ खाली उपनिबंधकांकडे करायचा. लोक अजून "एकशे एक" म्हणतात तोंडी, अर्जावर मात्र नीट लिहावं लागतं. आणि अर्ज केला की लगेच लिलाव असं काही नसतं. बिलांच्या प्रती, मागणीच्या नोटिसा आणि त्या पोचल्याचा पुरावा, लेजरचा उतारा, कमिटीचा ठराव, व्याजाचा दर ज्या सभेत ठरला त्या सभेचा ठराव, हे सगळं जोडायचं. मग समोरच्याला बोलावून ऐकून घेतात. दाखला मिळाला की वसुली अधिकारी पुढची कारवाई करतो, ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. समोरच्याला त्यावर रिव्हिजनमध्ये जायचं असेल तर रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात, त्यामुळे बरेच जण दाखला निघायच्या आतच भरून टाकतात.

अर्ज अडकतो कुठे माहितेय का, नोटीस पोचल्याच्या पुराव्यावर. वॉचमनकडून दारात सरकवलेलं पत्र म्हणजे पुरावा नाही. सही घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने रजिस्ट्रेशन करून पाठवा. ताई तुम्ही काय केलंय?

---

खजिनदार, ए-३०१

काका, सहा जणांची सही घेतलीये, पाच जणांना स्पीड पोस्टाने रजिस्ट्रेशन करून पाठवलीत कारण ते इथे राहत नाहीत. पावत्या फायलीला लावल्यात.

---

बी-२०३

मला काही समजलं नाही, मी मे महिन्यातच ऑनलाइन भरला होता पूर्ण वर्षाचा आणि पावती पण आहे, तरी थकबाकी म्हणून पत्र कसं आलं?? ४०% सवलत पण मिळाली होती मागच्या वर्षी, पीटी-३ फॉर्म भरला होता आम्ही.

---

खजिनदार, ए-३०१

दादा तो महापालिकेचा मिळकत कर. तो तुमच्या नावाने थेट येतो आणि थेट तिकडेच भरायचा असतो, सोसायटीच्या बिलात तो नाहीच. आपलं बिल म्हणजे सेवा शुल्क, पाणी आणि टँकर, लिफ्ट, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड. तुमचं जानेवारी-मार्चचं बिल बाकी आहे, एकच. मिळकत कराची पावती तुमच्याजवळच ठेवा, मला नको.

---

बी-२०३

ओके ओके आलं लक्षात. बायको म्हणाली मेंटेनन्स मी भरते, मी म्हणालो तू भर, आणि कुणीच भरला नाही. आज टाकतो.

---

ए-५०४

ताई माझ्या उताऱ्यात जुलैचं बिल बाकी आणि त्यावर १,१५२ रुपये व्याज दाखवलंय. मी ते १८ जुलैला एनईएफटी केलंय, चक्क मोबाइलमध्ये दिसतंय. व्याजाचं सोडा, आधी थकबाकीदार म्हणून माझं नाव कुठेतरी लिहिलं गेलं हेच मला खटकलंय.

---

खजिनदार, ए-३०१

खटकणं साहजिक आहे. कुठल्या खात्यातून केलंय ते सांगाल का, आणि यूटीआर नंबर इथे नको, मेलवर पाठवा.

---

ए-५०४

मिसेसच्या खात्यातून. तिचं खातं लग्नाआधीच्या आडनावाने आहे.

---

खजिनदार, ए-३०१

मेल मिळाला, नंबर जुळला. १८ जुलैची ९,६०० ची एंट्री आहे, नाव वेगळं आणि रिमार्कच्या जागी नुसतं "maintenance" आलंय, म्हणून ती अनोळखी जमेत बसली होती. त्या तीन एंट्रींपैकी एक सुटली. पैसे ३१ जुलैच्या आत बँकेत आलेत म्हणजे बिल वेळेत भरलं, त्यामुळे १,१५२ पूर्ण रद्द होतील, ते माफ केले असं म्हणायचं नाही, ते लागायलाच नको होते. पावती १८ जुलैच्याच तारखेची निघेल. बाकीच्या दोन एंट्रींपैकी एक ऑक्टोबरची आहे आणि खात्याचं नाव एका कंपनीचं दिसतंय, म्हणजे बहुतेक कुणाच्या भाडेकरूच्या ऑफिसने भरलेत. मालकांनी कृपया आपापल्या भाडेकरूंना विचारा.

---

बी-१०५ (भाडेकरू)

नमस्कार, ऑक्टोबरचं आमचं असू शकतं. मालकांनी सांगितलं होतं मेंटेनन्स तू भर आणि भाड्यातून वजा कर, आमची कंपनी थेट लीजवर घर देते त्यामुळे पैसे त्यांच्या अकाउंटवरून जातात. एचआरकडून यूटीआर काढून पाठवते. एक विचारायचं होतं, पावती कुणाच्या नावाने येईल? कंपनीला त्यांच्या नावाची हवी असते.

---

ए-१०२

पावती सभासदाच्या नावानेच. सोसायटीचा व्यवहार सभासदाशी, पैसे कुणीही भरोत. फार तर पावतीवर "अमुक खात्यातून प्राप्त" असं लिहून देता येईल, कंपनीला तेवढं पुरतं का ते विचारा.

---

सी-२०४

मी बंगळुरूला असतो, फ्लॅट ऑक्टोबरपासून बंद आहे, त्याआधी भाडेकरू होता. दोन मुद्दे. एक, बंद फ्लॅटला पूर्ण मेंटेनन्स का, आम्ही ना लिफ्ट वापरत ना पाणी, निम्मा करायला हवा. दोन, भाडेकरू होता तेव्हा तुम्ही १०% जास्त लावलेत. माझा मित्र बाणेरला राहतो त्यांच्याकडे तर मेंटेनन्स स्क्वेअर फुटावर आहे, इथे वन बीएचकेला आणि थ्री बीएचकेला सारखाच, हे कुठल्या नियमात बसतं.

---

ए-१०२

तुमच्या मित्राची "सोसायटी" बहुतेक अपार्टमेंट असेल, पुण्यात तशा भरपूर आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिश्श्याचा टक्का लिहिलेला असतो आणि खर्च त्या टक्क्याने वाटतात, म्हणून मोठ्या फ्लॅटला जास्त. आपली नोंदणीकृत सहकारी सोसायटी. आपल्याकडे आदर्श उपविधीप्रमाणे सेवा शुल्क सगळ्यांना समान, कारण वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हे फ्लॅट बघून कमीजास्त होत नाहीत. सगळंच समान असतं असंही नाही, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर असतो, पाणी नळजोडांच्या संख्येवर. बंद फ्लॅटचा मुद्दा त्यातच येतो. फ्लॅट बंद असला तरी वॉचमन रात्री तुमच्या मजल्यावरून फेरी मारतोच, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग सगळ्यांच्याच डोक्यावरचं.

---

खजिनदार, ए-३०१

आणि १०% चं सांगते, ते पूर्ण बिलावर लावलेलं नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं जादा शुल्क, सेवा शुल्काच्या १०% पर्यंतच घेता येतं. तुमच्या ३,२०० मध्ये सेवा शुल्क १,८५० आहे, त्याचे १८५ महिन्याला, तिमाहीचे ५५५. बिलात तेवढेच आहेत, वेगळ्या ओळीत. फ्लॅट रिकामा झाल्याचं तुम्ही ऑक्टोबरमध्ये कळवलंत तेव्हापासून ती ओळ काढलीये, बंद फ्लॅटला ते लागत नाही. आई-वडील, मुलं, भावंडं राहत असली तरी लागत नाही, हेही सगळ्यांच्या माहितीसाठी. तुमची बाकी आहे ती साध्या मेंटेनन्सचीच.

---

सी-२०४

५५५ चं बघितलं, बरोबर आहे. पाण्याचं मला अजून पटलेलं नाही. इतके महिने एक थेंब वापरला नाही तर टँकरचा वाटा का. सध्या बिल भरतो पण हा मुद्दा सभेत मांडणार.

---

बी-४०३

व्याजाबद्दल विचारायचं होतं, माझ्या भावाच्या सोसायटीत व्याजावर व्याज लावतात आणि पाच वर्षांच्या बाकीचे अव्वाच्या सव्वा झालेत. आपल्याकडे कसं आहे?

---

खजिनदार, ए-३०१

आपल्याकडे १८% सरळव्याज, सर्वसाधारण सभेत ठरलेलं. उपविधीत २१% पेक्षा जास्त लावता येत नाही आणि ते सरळव्याजच असलं पाहिजे. एका फ्लॅटचं उदाहरण देते, नंबर सांगत नाही, त्यांचं पूर्ण वर्ष थकलंय. चार बिलं, ३८,४०० मुद्दल. १८% म्हणजे महिन्याला दीड टक्का, एका ९,६०० च्या बिलावर महिन्याला १४४ रुपये. एप्रिलचं बिल ३० एप्रिलपर्यंत भरायचं होतं, ३१ मार्चपर्यंत ११ महिने उशीर, १,५८४. जुलैच्या बिलाला ८ महिने, १,१५२. ऑक्टोबरच्याला ५, म्हणजे ७२०. जानेवारीच्याला २, म्हणजे २८८. बेरीज ३,७४४. एकूण ४२,१४४. कुणीही कागद-पेन घेऊन पडताळू शकतं आणि पडताळावंच.

---

ए-१०२

४०३, भावाला सांगा उताऱ्यातला फक्त व्याजाचा कॉलम बघ. नवीन बिल आलं नाही अशा दोन लागोपाठच्या महिन्यांत व्याज तेवढंच असलं तर सरळव्याज. एका महिन्याला १४४ आणि पुढच्याला १४६ झाले, तर व्याज मागच्या एकूण बाकीवर लागतंय, म्हणजे चक्रवाढ. बऱ्याचदा कुणी मुद्दाम करत नाही, सॉफ्टवेअरमध्ये "एकूण येणे" वर टक्का लावायची सेटिंग असते आणि व्याज त्यातच मिसळलेलं असतं. वर्षभरात फरक छोटा दिसतो, ताईंच्या उदाहरणात दोनशेच्या आसपास येईल, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पाच वर्षं गेली की तेच एक ९,६०० चं बिल, सरळव्याज ८,६४० होतं आणि दरमहा चक्रवाढीने पावणेचौदा हजारांच्या वर जातं. आणि अशा हिशोबाचा उतारा घेऊन उपनिबंधकांकडे गेलं की समोरच्याचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

---

सी-३०३

ते उदाहरण माझंच आहे, लपवायची गरज नाही. मागच्या वर्षी नोकरी गेली, सात महिने घरात पगार नव्हता, आता फेब्रुवारीपासून लागलोय. पैसे द्यायचे आहेत आणि देणार, एकदम ४२ हजार शक्य नाही. आता २०,००० टाकतो, बाकी दोन-तीन हप्त्यांत. फक्त एक विनंती, व्याज माफ करता येईल का? आणि २०,००० आधी मुद्दलात घ्या, नाहीतर व्याज चालूच राहील.

---

खजिनदार, ए-३०१

दादा मोकळेपणाने सांगितलंत, बरं केलंत. आधी कळवलं असतंत तर हप्ते तेव्हाच बांधून दिले असते. हप्त्यांचं पत्र द्या, तारखा घालून, कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठेवते, माझ्याकडून होकार आहे. व्याज माफ करणं माझ्या हातात नाही, कमिटीच्याही नाही. दर सभेने ठरवलाय, सूट पण सभाच देऊ शकते, आणि द्यायची झाली तर कुठल्या निकषावर ते ठरलं पाहिजे, उद्या आणखी दहा जण मागतील.

---

सी-६०१

मी वर कडक लिहिलं होतं ते ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत आणि मेंटेनन्स नाही त्यांच्यासाठी. ३०३ च्या बाबतीत माझी हरकत नाही. पण मुद्दल आधी की व्याज आधी हे सगळ्यांना सारखं असावं.

---

ए-१०२

त्याने किती फरक पडतो ते सांगतो. २०,००० मधून आधी व्याजाचे ३,७४४ घेतले तर १६,२५६ मुद्दलात जातात, मुद्दल उरतं २२,१४४ आणि त्यावर महिन्याला ३३२ व्याज. सगळे मुद्दलात घेतले तर उरतं १८,४०० आणि व्याज २७६, शिवाय जुने ३,७४४ तसेच उभे. फरक महिन्याला ५६ रुपयांचा. बँकेत आम्ही आधी व्याज वसूल करायचो, बहुतेक सोसायट्याही तेच करतात. पण आपल्या सभेचा याबाबत ठराव आहे का, मला तरी आठवत नाही.

---

बी-४०३

काका पण बँक कर्ज देते, सोसायटी कर्ज देत नाही ना. पैसे देणाऱ्याने "हे मुद्दलाचे" असं लिहून दिलं तर ते का मानू नये?

---

ए-१०२

कोणत्या बिलाचे पैसे हे देणारा सांगू शकतो, ते मानावंच लागेल. व्याज आणि मुद्दल यांच्यात मात्र मला तुमचं पटत नाही. असो, हा आपल्या दोघांचा वाद, ठराव झाल्याशिवाय मिटायचा नाही.

---

खजिनदार, ए-३०१

ठराव नाहीये, मी सगळी रजिस्टरं बघितली. आत्तापर्यंत आधी व्याज अशी पद्धत चालत आलीये, पण लेखी काही नाही. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच आहे, विषयपत्रिकेत दोन विषय टाकते, रक्कम आधी कशात वळती करायची, आणि नोकरी गेल्यासारख्या कारणात व्याजसूट द्यायची का. सी-२०४ चा पाण्याचा मुद्दा तिसरा. तोपर्यंत ३०३ चे पैसे चालू पद्धतीने जमा करते आणि पावतीवर "सभेच्या निर्णयाच्या अधीन" असं लिहिते, म्हणजे नंतर फिरवावं लागलं तर फिरवता येईल.

---

सी-३०३

चालेल. २०,००० आत्ता एनईएफटी केले, माझ्याच खात्यातून, रिमार्कमध्ये C303 लिहिलंय. यूटीआर मेल केला. पत्र संध्याकाळी आणून देतो.

---

बी-१०५ (भाडेकरू)

एचआरचं उत्तर आलं, १४ ऑक्टोबरची एंट्री आमचीच. नंबर मेल केलाय.

---

खजिनदार, ए-३०१

दोन्ही जुळले. १०५ ची ऑक्टोबरची पावती मालकांच्या नावाने निघेल, खाली कंपनीच्या खात्याचा उल्लेख करते, व्याज लागलं होतं ते काढलं. आता एकच ९,६०० ची अनोळखी एंट्री उरलीये, २७ जानेवारीची, यूपीआयने आलीये, नावाच्या जागी फक्त मोबाइल नंबर आणि त्यातलेही शेवटचे चारच आकडे दिसतायत, ४ ने संपणारा. जानेवारीचं बिल भरल्याचं ज्यांना आठवतंय पण पावती मिळाली नाहीये त्यांनी आपल्या यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीत २७ तारीख उघडून बघा आणि बारा आकडी नंबर मेल करा.